कथा : १३.२ (अहवालाच्या आदल्या रात्रीची गोष्ट)

सुरंगी (धागाकर्ती)

ही कथा एका गुहागरकडच्या मुलीची आहे. पात्रे आणि आकडे कल्पित आहेत, पण पावसाच्या नोंदी हाताने ठेवणारी माणसे कोकणात आहेत आणि त्यांच्या वह्यांवर विद्यार्थी प्रकल्प करतात, हे मी जवळून पाहिलेले आहे. कथेतला तपास तर्काला धरून आहे की नाही, हे जाणकारांनी सांगावे, म्हणून ती येथे देत आहे.

---

रात्रीचे पावणेबारा झाले होते. अहवालाच्या दोन प्रती छापून, स्पायरल बाइंडिंग करून मेजावर तयार होत्या आणि सकाळी दहाला त्या विभागात द्यायच्या होत्या. आता फक्त शेवटचे आभाराचे पान पाहावे, म्हणून तिने आजोबांची वही शेवटची उघडली. हे आजोबा तिचे सख्खे नव्हेत. ते गावातले निवृत्त शिक्षक होते आणि त्यांनी अंगणातल्या पर्जन्यमापकातला पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजून सहा पावसाळे वहीत उतरवला होता. जून ते सप्टेंबर असे वर्षाला १२२ दिवस धरले, तर ७३२ आकडे होतात. ते सगळे तिने आणि तिच्या मैत्रिणीने दिवाळीच्या सुटीत संगणकावर चढवले होते.

आजोबा प्रत्येक महिन्याच्या तळाशी बेरीज लिहीत असत. तिसऱ्या वर्षाच्या जुलैखाली त्यांनी १००७.६ लिहिले होते, आणि तिला आपल्या तक्त्यातला आकडा पाठ होता, कारण त्याच आकड्यावर निष्कर्षाचे पहिले वाक्य उभे होते: "सहा वर्षांत तिसऱ्या वर्षीचा जुलै सर्वाधिक पावसाचा ठरला, १०८७.६ मिमी." बरोबर ८० चा फरक होता.

आजोबांची बेरीज चुकली असेल, असे तिला आधी वाटले. तिने गणकयंत्रावर वहीतले एकतीस आकडे वरून खाली मिळवले, मग खालून वर मिळवले. दोन्ही वेळा १००७.६ आले. चूक तक्त्यातच होती.

एकतीसच्या एकतीस ओळी जुळवायला घेण्याआधी ती क्षणभर थांबली. फरक पूर्ण ८० होता, दशांशात काहीच हललेले नव्हते, म्हणजे एकाच ठिकाणी चूक असेल तर ती दशकाच्या अंकात असणार. दशकाचा अंक आठाने वाढायचा, तर एकाचा नऊ झाला असेल किंवा शून्याचा आठ. दशकस्थानी नऊ किंवा आठ असलेले दिवस तक्त्यात तीनच होते: आठ तारखेला ९७.६, सतरा तारखेला ९३.२ आणि तेवीस तारखेला ८४.०.

आजोबांचे मोजपात्र २० मिमीचे होते. पाऊस त्याहून जास्त असला की ते पात्र भरून ओतून देत आणि समासात एक उभी रेघ मारत, म्हणजे किती पात्रे झाली ते विसरायला होत नसे. आठ तारखेसमोर चार रेघा होत्या. तेवीस तारखेसमोरही चार रेघा होत्या. सतरा तारखेसमोर समास कोरा होता, आणि शेऱ्यात लिहिले होते, "रात्री एक सर, पहाटेपासून उघडीप."

तिने वही दिव्याजवळ नेली. सतरा तारखेचा आकडा होता १३.२. ती नीट पाहू लागली तेव्हा तिला दिसले, की वरच्या सहा दिवसांचे अक्षर वेगळे आहे. त्या आठवड्यात आजोबा बहिणीकडे गेले होते आणि नातवाने निळ्या शाईने इंग्रजी अंकांत नोंदी केल्या होत्या. सतरा तारखेला आजोबा परतले आणि आपल्या नेहमीच्या मराठी अंकांत लिहू लागले. सहा ओळी इंग्रजी अंक टिपून सरावलेल्या डोळ्याने सातव्या ओळीतला मराठी एक हा इंग्रजी नऊ म्हणून वाचला होता. तीन आणि दोन हे दोन्ही लिप्यांत जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे १३.२ चे सरळ 93.2 झाले आणि आकड्यात विजोड असे काही उरलेच नाही.

बारा वाजून वीस मिनिटांनी तिने उरलेल्या तेवीस महिन्यांच्या बेरजा जुळवायला घेतल्या. एकवीस जुळल्या. पाचव्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये दहाचा फरक निघाला. तिथे मैत्रिणीने "एकोणऐंशी" म्हटले होते आणि तिच्या कानात "ऐंशी" तेवढे राहून बोटांनी ८९ टिपले होते. चौथ्या वर्षाच्या सप्टेंबरखाली बेरीजच नव्हती, कारण तेव्हा आजोबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. तो महिना तिने एकेक ओळीने, बोट ठेवून तपासला.

दोन वाजता नवा तक्ता तयार झाला. तिसऱ्या वर्षीचा जुलै आता दुसऱ्या क्रमांकावर गेला होता. पहिला होता पाचव्या वर्षीचा, १०४१.४ मिमी. तिसऱ्या वर्षीच्या जुलैत ६४.५ मिमी किंवा त्याहून अधिक पावसाचे दिवस सहा होते, ते पाच झाले. तिने तीन पाने नव्याने छापली, बाइंडिंगची तार उलगडून जुनी पाने काढली, आणि शेवटी एक पान जोडले. त्यावर कोणते दोन आकडे बदलले, आधी काय होते, आता काय आहे आणि चूक कशामुळे झाली, एवढेच लिहिले होते. सकाळी साडेआठला तिने आजोबांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "थांब गो, आधी पाणी मोजून घेतो."

---

पडवीतला_वाचक

कथा आवडली, विशेषतः समासातल्या रेघा. पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात ८० मिमीचा फरक म्हणजे शेकडा अडीच-तीन. एवढ्यासाठी मध्यरात्री बांधलेली प्रत उलगडण्याची खरोखर गरज होती का? तोंडी परीक्षेत सांगून टाकले असते तरी चालले असते, असे मला वाटते.

हिशेबनीस_चिपळूण

मी तीस वर्षे पतसंस्थेचे हिशेब पाहिले आहेत. ताळा जुळला नाही, की आम्ही आधी फरकाला नऊने भागतो. भाग गेला तर अंकांची अदलाबदल झालेली असते, म्हणजे ३६ चे ६३ झालेले असते. मराठीत ही चूक जास्तच होते, कारण आपण "छत्तीस" म्हणताना सहा आधी उच्चारतो आणि तीस नंतर, आणि ऐकून लिहिणारा त्याच क्रमाने लिहून जातो. कथेतल्या मुलीने हा नियम वापरला असता तर पाच मिनिटांत चूक सापडली असती. तपास उगाच लांबवला आहे.

निवृत्त_निरीक्षक

मी नोकरीत असताना पावसाच्या नोंदी घेणे आणि तपासणे हेच काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हिशेबनीस साहेबांचा नियम खरा आहे, पण या कथेत तो लागू पडत नाही. ८० ला नऊने भाग जात नाही, आणि नेमक्या त्याच गोष्टीवरून ही अदलाबदल नाही हे कळते. तो नियम तिने वापरला असता तर त्याने एक वाट बंद केली असती, चूक दाखवली नसती. शिवाय भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली असेही नाही. दशांश चिन्ह सुटले तरी फरकाला नऊने भाग जातो. १३.२ चे १३२ झाले तर फरक ११८.८ येतो, आणि त्याला नऊने भागले की १३.२, म्हणजे मूळ आकडाच हाती येतो. तेव्हा भागाकार तक्त्यात शोधून पाहावा. तो आकडा दहापटीने कुठे बसलेला आहे का, एवढे पाहिले की पुरते.

आता पडवीतल्या वाचकांच्या शंकेविषयी. हंगामाच्या बेरजेत ८० मिमी थोडे आहेत, हे मान्य. पण तिच्या अहवालात बेरजेबरोबर दोन वेगळी विधाने होती, एक क्रमांकाचे आणि एक दिवसांच्या मोजणीचे. २४ तासांत ६४.५ मिमी ही हवामान विभागाची जोरदार पावसाची खालची मर्यादा आहे. १३.२ चे ९३.२ झाले, की साधा सरीचा दिवस उडी मारून त्या यादीत जाऊन बसतो. बेरजेत चूक विरघळते, मोजणीत ती अख्खी उभी राहते.

कोकणात ही चूक पकडणे विशेष अवघड का, तेही सांगतो. पुष्कळजण संगणकाला सांगतात, की सरासरीपासून फार लांबचे आकडे वेगळे काढ. सोलापूरकडच्या नोंदीत जुलैतला ९३ मिमीचा दिवस लगेच डोळ्यांत भरेल. आपल्याकडे जुलैत ९३ मिमी म्हणजे नित्याची गोष्ट, त्यावर कोणाची नजर अडत नाही. उलट २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. अशी चाळणी लावली तर ती नोंद खरी असूनही बाहेर फेकली गेली असती. म्हणून आपल्या किनाऱ्यावर आकडा अंगाने मोठा आहे का, हे पाहून भागत नाही. तो वहीशी जुळतो का, हेच पाहावे लागते.

मात्र कथेत एक जागा मला कच्ची वाटते. फरक ८० आणि मोजपात्र २० मिमीचे, म्हणजे फरक नेमका चार भरलेल्या पात्रांचा आहे. आजोबा प्रवासाहून परतले होते. त्यांनी चार पात्रे ओतली, रेघा मारायच्या राहिल्या आणि शेवटच्या पात्रातले १३.२ तेवढे लिहिले, असे झालेच नसेल कशावरून? तळाची बेरीज त्यांनी त्याच लिहिलेल्या आकड्यावरून केली असणार, म्हणून ती जुळल्याने "वहीत १३.२ लिहिले आहे" एवढेच सिद्ध होते, "पाऊस १३.२ पडला" हे नाही.

देवगडकर

आमच्या आंबा बागेच्या वहीत असाच प्रकार झाला होता. गड्याने १४ पेट्या मराठीत लिहिल्या आणि वाशीला माल पाठवताना मुलाने पावतीवर ९८ टिपल्या, म्हणजे एकाचा नऊ आणि चाराचा आठ. पण ती चूक त्याच संध्याकाळी कळली, कारण गाडीत पेट्या १४ च निघाल्या आणि व्यापाऱ्याचा फोन आला. माझे म्हणणे असे, की जुन्या माणसांनी मराठी अंकांचा हट्ट सोडावा आणि सगळ्यांनी इंग्रजी अंकच लिहावेत. कथेतल्या आजोबांना कोणीतरी हे समजावून सांगायला हवे होते. चूक मुळात त्यांची आहे.

सुरंगी

देवगडकर दादा, आजोबांच्या अंकांत काहीच चूक नव्हती. त्यांची वही सहा वर्षे एका लिपीत चालली होती, आणि घोटाळा झाला तो मध्येच सहा दिवस लिपी बदलल्यामुळे. त्या सहा दिवसांत नातवाने मराठी अंक लिहिले असते तरी चूक टळली असती. तुमचे पेट्यांचे उदाहरण मात्र मला फार उपयोगी वाटले. पेट्या मोजणारा दुसरा माणूस वाशीला बसलेला होता. पाऊस पडून वाहून गेला, की तो पुन्हा मोजायला कोणीच नसतो.

निरीक्षक काका, चार पात्रांची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. मी २० मिमीचे पात्र केवळ रेघांसाठी घेतले होते. शेऱ्यातले "रात्री एक सर, पहाटेपासून उघडीप" हे वाक्य पुरेसा आधार देते का? की एका रात्रीच्या सरीतही ९३ मिमी पडू शकतात?

निवृत्त_निरीक्षक

पडू शकतात, सुरंगीताई. जुलैत दोन तासांच्या सरीत तेवढा पाऊस मी स्वतः मोजला आहे. शेरा १३.२ च्या बाजूने झुकतो, पण निकाल देत नाही.

शेजारच्या केंद्राची नोंद पाहता येईल, पण ती पाहताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. सतरा तारखेच्या सकाळी साडेआठला जे मोजले, तो सोळा तारखेच्या सकाळी साडेआठपासूनचा पाऊस असतो. वर्तमानपत्रात किंवा लोकांच्या आठवणीत तो सोळा तारखेचा म्हणून असतो. हा एक दिवसाचा फेर लक्षात घेतला नाही, तर भलत्याच दिवसाशी तुलना होते. दुसरे असे, की एकच सर गुहागरला झोडपते आणि दहा-पंधरा किलोमीटर आत कोरडे राहते. आजूबाजूच्या तिन्ही-चारही ठिकाणी त्या दिवशी पाच ते वीस मिमी असेल तर १३.२ वर विश्वास ठेवावा. नोंदी विखुरलेल्या असतील तर त्यांचा उपयोग नाही.

कथेतल्या मुलीने मात्र केले ते योग्यच केले. तिचे काम वही जशी आहे तशी उतरवण्याचे होते. वहीतच चूक असल्याचा संशय असेल, तर तो तळटिपेत लिहावा; आकडा आपल्या मनाने बदलू नये.

अबोली

मी सध्या संशोधन करते आणि माझीही सगळी माहिती हाताने लिहिलेल्या वह्यांतून आलेली आहे. मला कथेतल्या रात्रीपेक्षा दिवाळीची सुटी जास्त महत्त्वाची वाटते, कारण चूक तिथे झाली. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने टिपायचे, या पद्धतीत डोळ्याची चूक आणि कानाची चूक अशा दोन्ही चुकांना दार उघडे राहते. आम्ही दोघी आता वेगवेगळ्या बसून तीच वही दोनदा चढवतो. एकीचे आकडे एका स्तंभात, दुसरीचे शेजारच्या स्तंभात, आणि तिसऱ्या स्तंभात एवढेच:

```
=B2-C2
```

जिथे शून्य येत नाही, ती ओळ वहीत उघडून पाहायची. वेळ दुप्पट लागतो हे खरे. पण दोघींचा डोळा एकाच ओळीवर, एकाच प्रकारे चुकेल असे सहसा होत नाही. अर्थात लिपी बदलण्यासारखे कारण वहीतच असेल, तर दोघीही एकसारख्या फसू शकतात, हे मला हा धागा वाचताना जाणवले. एकटीनेच काम करायचे असेल तर आकडा "तेरा" असा न वाचता "एक, तीन, दशांश, दोन" असा सुटा वाचावा. त्याने एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांचा घोळ मिटतो.

तोंडी परीक्षेत सांगितले असते तरी चालले असते, हे मात्र मला पटत नाही. छापील अहवाल विभागाच्या ग्रंथालयात राहतो आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्यातला तक्ता जसाच्या तसा उचलतो. तोंडी सांगितलेले त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

पडवीतला_वाचक

अबोली, ग्रंथालयाचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता आणि तो मला मान्य आहे. तरी शेवटी जोडलेल्या पानाविषयी माझे मत वेगळे आहे. अहवाल अजून दिलेलाच नव्हता. दिला नाही त्याची शुद्धी कसली? बरोबर आकडे छापले, की पुरे. आधीची चूक सांगून मार्गदर्शक बाईंच्या मनात उगाच संशय का उभा करावा?

अबोली

कारण आधीचा मसुदा बाईंनी वाचलेला असणार, आणि त्यांच्या टिपणांत तिसऱ्या वर्षीचा जुलै पहिला असणार. न सांगता तो दुसरा झाला, तर त्यांना नवा अहवालच चुकलेला वाटेल. ज्याने मसुदा पाहिलाच नाही त्याच्यासाठी ते पान कदाचित निरुपयोगी असेल, एवढे मी मान्य करते.

हिशेबनीस_चिपळूण

निरीक्षक साहेब, आपले म्हणणे पटले. नऊचा नियम मी सरसकट लावला, ते चुकले. पण आता मी उलट बाजूने विचारतो. ज्या एकवीस महिन्यांच्या बेरजा जुळल्या, ते बरोबर आहेत असे तिने कशावरून धरले? आमच्याकडे ताळा जुळूनही दोन खात्यांत चुका निघाल्या आहेत, एकात दहा जास्त आणि दुसऱ्यात दहा कमी. शिवाय तेराव्या दिवसाचा आकडा चौदाव्याच्या ओळीत आणि चौदाव्याचा तेराव्याच्या ओळीत गेला, तर बेरीज तसूभरही हलत नाही.

निवृत्त_निरीक्षक

हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याला बेरजेत उत्तर नाही. बेरीज जुळली म्हणजे एकटी चूक नाही. जोडीने आलेल्या चुका राहू शकतात. ओळींची अदलाबदल झाली तर महिन्याची बेरीज आणि जोरदार पावसाच्या दिवसांची संख्या बदलत नाही, त्यामुळे या अहवालाचे निष्कर्ष टिकतील. पण पुढे कोणी त्या तारखा नदीच्या पाण्याच्या पातळीशी जुळवायला घेतल्या, तर ते फसतील.

एक छोटी चाचणी तिला त्या रात्रीही करता आली असती. २० मिमीच्या पात्रावरच्या खुणा ०.२ मिमीच्या असतील, तर दशांशस्थानी सम अंकच यायला हवा. तक्त्यात कुठे ३७.५ किंवा ११.३ दिसले, की ती ओळ वहीत पाहावी. अर्थात काही निरीक्षक दोन खुणांच्या मधले अंदाजाने लिहितात, तेव्हा आजोबांची सवय आधी विचारून घ्यावी. आणि १३.२ व ९३.२ ही दोन्ही या चाचणीतून सुखरूप निसटतात, हेही खरे.

देवगडकर

सुरंगीताई, आजोबांना दोष दिला तो मागे घेतो. मी आज आमची बागेची वही उघडून पाहिली. मुलाने मार्चपासून इंग्रजी अंक सुरू केले आहेत आणि गडी अजून मराठीतच लिहितो, दोघांचे एकाच पानावर. आजपासून डावे पान गड्याचे आणि उजवे मुलाचे, असे ठरवले आहे.

सुरंगी

सर्वांचे मनापासून आभार. कथेत दोन बदल करते. जोडलेल्या पानावर आता तिसरी ओळ येईल: "बेरजा जुळल्या तरी तारखांची अदलाबदल तपासलेली नाही." दुसरा बदल शेवटच्या फोनचा. आजोबा पाणी मोजून परत येतात तेव्हा ती त्यांना सतरा जुलैविषयी विचारते. मी त्यांना आठवणीने उत्तर द्यायला लावणार होते, पण तीन वर्षांपूर्वीची एक सर कोणाला आठवेल, असे वाटून थांबले. आता ते एवढेच म्हणतात, "रेघा नाहीत ना? मग मी एकदाच ओतले असणार. पण त्या दिवशी एस.टी.तून उतरून आलो तो थेट मापकाकडेच गेलो होतो, हातात पेन्सिल होती की नव्हती, ते नाही सांगता येत."